दरपत्रक पाठवताना सीसी की बीसीसी?

सोलापुरातील चादरी-टॉवेलच्या एका कारखान्याच्या कार्यालयात नवे दरपत्रक चाळीस घाऊक व्यापाऱ्यांना एकाच मेलने पाठवायचे होते आणि पत्ते सीसीत घालावेत की बीसीसीत, हा प्रश्न होता.

गोपनीयतेच्या दृष्टीने पाहता, सीसीतील प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसतात, म्हणजे आपली ग्राहकयादीच व्यापाऱ्यांच्या हाती जाते. बीसीसीत ती झाकलेली राहते. उत्तरांचे म्हणाल, तर सीसीत एखाद्याने रिप्लाय ऑल दाबून “आम्हाला दोन टक्के सूट द्या” असे लिहिले की ती घासाघीस उरलेले सगळे वाचतात. बीसीसीतील व्यापाऱ्याने तेच बटण दाबले, तरी उत्तर पाठवणाऱ्याकडे आणि ‘टू’ व सीसीतील पत्त्यांवरच जाते. म्हणून ‘टू’मध्ये स्वतःचाच पत्ता घालावा आणि मजकुरात “हे दरपत्रक आमच्या सर्व घाऊक व्यापाऱ्यांना पाठवले आहे, मागणी कृपया याच पत्त्यावर कळवावी” असे लिहावे.

साहेबांना गुपचूप बीसीसीत ठेवणे मात्र मला पटत नाही, कारण त्यांनी चुकून रिप्लाय ऑल केले की बिंग फुटते. त्यापेक्षा पाठवलेला मेल त्यांना नंतर फॉरवर्ड करावा.

एकाच ऑर्डरवर काम करणारे रंगाई, पॅकिंग आणि हिशेब विभाग यांच्यासाठी सीसीच योग्य. तेथे “रंगाई विभागाने शुक्रवारपर्यंत माल द्यावा, इतरांच्या माहितीसाठी प्रत” असे काम नावानिशी लिहावे. तारीख बदलली, तर रिप्लाय ऑल करावे; नुसते “ठीक आहे” कळवायचे असल्यास साधा रिप्लाय पुरे.