सोमवारचा भरती अहवाल: आठ महिने वापरल्यानंतर

चाकणच्या आमच्या कारखान्यात भरतीसाठी घेतलेलं सॉफ्टवेअर मार्चपासून वापरते आहे. अर्ज गोळा करणं, रेझ्युमे शोधणं, ऑफर लेटर पाठवणं या गोष्टी ते नीट करतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हा अनुभव लिहितेय तो फक्त एका गोष्टीबद्दल. दर सोमवारी सकाळी आठला मेलवर एक पानी साप्ताहिक अहवाल येतो. आठवड्यात किती अर्ज आले, किती जणांशी फोनवर बोलणं झालं, किती जणांना मुलाखतीला बोलावलं, किती आले, किती ऑफर दिल्या आणि किती रुजू झाले, हे सगळं त्यात उतरत्या पट्ट्यांनी दाखवलेलं असतं. दोन पट्ट्यांच्या मध्ये गळतीची टक्केवारी, आणि जिथे ती सर्वांत मोठी तिथे लाल रंग. हे सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेच मुळात या पानामुळे.

पहिले तीन महिने मी खूष होते. पूर्वी शनिवारी संध्याकाळी दोन तास बसून मी हाताने आकडे जुळवायचे, ते बंद झालं. जूनमध्ये मात्र याच पानामुळे मी अडचणीत आले.

आम्हाला सीएनसी ऑपरेटर हवे होते. जाहिरात शुक्रवारी, 6 जूनला लागली. 2 ते 8 जून या आठवड्यात 140 अर्ज आले आणि त्यातले 92 शनिवार-रविवारचे होते. सोमवारच्या अहवालात अर्ज 140, फोनवर बोलणं झालेले 44 आणि मध्ये लाल अक्षरात 69 टक्के गळती. प्लांट हेडनी तो कागद छापून घेतला, त्या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि मीटिंगमध्ये विचारलं, “मॅडम, अर्ज आलेल्या माणसांना साधा फोनही जात नाही का?” माझ्यासोबत काम करणारी मुलगी आठवडाभर रोज संध्याकाळी सातपर्यंत फोन करत बसली होती. तिच्यासमोर हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. तेव्हा उत्तर काही देता आलं नाही, कारण आकडा छापील होता.

पुढच्या सोमवारी त्याच जागी लिहिलं होतं, गळती शून्य. सात दिवसांत आम्ही एवढं काही सुधारलेलं नव्हतं. मग मी बसून एकेक नाव तपासलं.

हा अहवाल या आठवड्यात झालेल्या फोनना या आठवड्यात आलेल्या अर्जांनी भागतो, एवढाच त्याचा हिशोब आहे. पण पहिल्या आठवड्यातल्या 44 फोनपैकी 19 आधीच्या आठवड्यातल्या अर्जदारांना केलेले होते. शनिवार-रविवारी आलेल्या 92 जणांना फोन जाणार होते सोमवारपासून, म्हणजे ते पुढच्या आठवड्यात मोजले जाणार होते. पुढच्या आठवड्यात नवे अर्ज 52 आणि फोन 81. भागाकार केला तर 156 टक्के येतात. मशीनने ते 100 वर छाटलं आणि ‘गळती शून्य’ असं छापलं. माझा खरा राग या छाटण्यावर आहे. 156 असा आकडा दिसला असता तर कोणालाही पहिल्या नजरेत कळलं असतं की भाजक चुकतोय.

आता त्याच 140 जणांचा माग काढला तर काय दिसतं ते सांगते. त्यातल्या 25 जणांशी पहिल्या आठवड्यात बोलणं झालं, 70 जणांशी दुसऱ्या. म्हणजे 95. उरलेल्या 45 पैकी 28 जणांना आम्हीच रेझ्युमे पाहून बाजूला केलं होतं, कारण आयटीआय नाही किंवा मशीनवरचा अनुभव नाही. खरोखर हातून निसटले ते 17, ज्यांचा नंबर चुकीचा होता किंवा तीनदा फोन करूनही उचलला नाही. अहवालात आम्ही नाकारलेले आणि आपणहून गेलेले एकाच गळतीत मोजले होते. ही दोन वेगळी दुखणी आहेत. नाकारलेले जास्त असतील तर जाहिरातीचा मजकूर तपासायला हवा, निसटलेले जास्त असतील तर फोन करण्याची पद्धत.

मी तक्रार नोंदवली. पहिलं उत्तर आलं की इंटरनेट तपासा. दुसरं आलं की हा दोष नाही, रचनाच तशी आहे. तिसऱ्या आठवड्यात फोनवरच्या माणसाने सांगितलं, एकाच आठवड्यात अर्ज केलेल्यांचा शेवटपर्यंत माग काढणारा अहवाल आमच्याकडे आहे, पण तो वरच्या प्लॅनमध्ये. आम्ही महिन्याला माणशी 900 रुपये भरतो, वरचा प्लॅन 2,200. तीन जणांचे वर्षाला 46,800 रुपये जास्त. एका भागाकारासाठी एवढे पैसे मागणं मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. मी नाही म्हणून सांगितलं.

त्याऐवजी आहे त्याच प्लॅनमधून सगळी यादी उतरवून घेते. एका ओळीत एक उमेदवार. बी रकान्यात अर्जाची तारीख, पुढे सी ते जी रकान्यांत फोन, बोलावणं, हजेरी, ऑफर, रुजू यांच्या तारखा, आणि ती पायरी झालीच नसेल तर रकाना रिकामा. बाजूला J रकान्यात प्रत्येक आठवड्याचा सोमवार लिहिलेला. मग त्या आठवड्यात अर्ज केलेल्यांपैकी मुलाखतीला प्रत्यक्ष किती आले, ते असं निघतं:

```
=COUNTIFS(B:B,">="&J2,B:B,"<"&J2+7,E:E,"<>")
```

E च्या जागी दुसरं अक्षर घातलं की दुसरी पायरी. सोमवारी वीस मिनिटांत होतं. एक मात्र सांभाळावं लागतं: तारीख पडते ती आपण सॉफ्टवेअरमध्ये नोंद करतो तेव्हाची, माणूस आला त्या दिवसाची नव्हे. आमच्याकडे सगळ्या नोंदी शनिवारी दुपारी एकदम व्हायच्या. आता रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी करायच्या असं ठरवलंय. आणि एकाच पदाच्या पाच-सहा अर्जांवरून टक्केवारी काढत नाही, एक माणूस इकडचा तिकडे झाला तरी आकडा वीस टक्क्यांनी हलतो.

इथपर्यंत माझं मत होतं की अहवाल बिनकामाचा आहे. जुलैमध्ये ते बदलावं लागलं.

त्याच 140 जणांची पुढची वाटचाल माझ्या शीटमध्ये अशी निघाली: 95 जणांशी बोलणं, 58 जणांना मुलाखतीचं बोलावणं, आले 27, ऑफर 14, रुजू 9. बोलावलेल्या 58 मधले 31 आलेच नाहीत. मग मी जुने सोमवारचे मेल उघडून बघितले. मार्चपासून जवळजवळ प्रत्येक अहवालात बोलावणं आणि हजेरी यांच्यामध्ये निम्म्याच्या आसपास गळती छापलेली होती. वरच्या टप्प्याचा लाल आकडा मोठा असल्यामुळे याकडे कोणाची नजरच गेली नव्हती, माझीही नाही.

इथे अहवाल बरोबर का निघाला, तेही लक्षात आलं. आम्ही मुलाखत दोन-तीन दिवसांत ठेवतो. बोलावणं मंगळवारी आणि मुलाखत शुक्रवारी, म्हणजे दोन्ही नोंदी बहुधा एकाच आठवड्यात पडतात आणि भागाकार खऱ्याच्या जवळ जातो. पायऱ्यांमधलं अंतर जितकं लांब तितका हा अहवाल बिघडतो. शेवटची पायरी तर विचारूच नका. ऑपरेटरचा नोटीस पीरियड महिनाभराचा असला तरी या आठवड्यातल्या ऑफर आणि या आठवड्यात रुजू झालेले यांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. इंजिनिअरच्या जागेला दोन-तीन महिने लागतात, तिथे तो आकडा मी वाचतच नाही.

मग न आलेल्या 31 जणांना आम्ही दोघींनी फोन केले. बावीस जणांनी उचलले. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्ही शुक्रवारी अकराला बोलावलंत. माझी पहिली पाळी. खाडा केला तर हजेरीचा बोनस जातो, आणि नोकरी तुमच्याकडे लागेलच असं थोडंच आहे?” हेच उत्तर थोड्याफार फरकाने बारा-तेरा जणांकडून आलं. अनुभवी ऑपरेटर हवा म्हणजे तो आज कुठेतरी कामावर आहे, हे आम्ही विसरलो होतो. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आमचीही गुरुवारीच. आपण सुट्टीवर असतो म्हणून आम्ही त्या दिवशी कधी मुलाखत ठेवली नव्हती, आणि उमेदवाराला मोकळा असा तोच एक दिवस होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून गुरुवारी सकाळी नऊ ते एक मुलाखती ठेवल्या. आम्ही दोघी आळीपाळीने येतो आणि बदली सुट्टी घेतो. प्रॉडक्शनचे एक साहेबही तयार झाले, मशीनवरची चाचणी तेच घेतात. ज्यांना गुरुवार जमत नाही त्यांना इतर दिवशी सव्वाचार, कारण पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि गेटपर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. पुढच्या तुकडीत 40 जणांना बोलावलं, 29 आले. एका तुकडीवरून फार बोलू नये, म्हणून वाट पाहिली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही दहातले सात येतच राहिले.

ऑगस्टच्या शेवटी एक सुखद धक्का बसला. कंपनीने काही न कळवता नाकारलेले आणि माघार घेतलेले असे दोन वेगळे रंग केले. मी तक्रारीत मागितलेल्या तीन गोष्टींपैकी ही एक. शंभरवर छाटणं अजून तसंच आहे आणि कशाला कशाने भागलं हे पानावर कुठेही लिहिलेलं नाही. ती एक ओळ छापली असती तर जूनमधली ती मीटिंग झालीच नसती.

मार्चमध्ये नूतनीकरण आहे. 900 चाच प्लॅन ठेवणार. हा अहवाल आपोआप वरिष्ठांना जायचा, ती सोय मी बंद केली आहे. आता तो फक्त मला येतो. त्यातला बोलावणं-हजेरीचा आकडा मी घेते, बाकीचे माझ्या शीटमधले, आणि दहा वाजता एक पान प्लांट हेडना देते. त्यावर सर्वांत वर लिहिलेलं असतं की शीटमधले आकडे तीन आठवड्यांपूर्वी अर्ज केलेल्या माणसांचे आहेत. गेल्या सोमवारी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “हे दोन जण ऑफर घेऊन आले नाहीत, कुठे गेले?” आणि या वेळी माझ्याकडे दोघांचीही उत्तरं होती. एकाला जुन्या कंपनीने पगार वाढवून दिला, दुसऱ्याला आळंदीहून आमची बस मिळत नव्हती. बसच्या मार्गाबद्दल बोलणं सुरू आहे.