आठ महिने रोज एक इंग्रजी वाक्य : स्लाइड्सचा संच चांगला, पण ‘व्ह’ने घात केला

गेल्या जूनमध्ये हंगाम संपून पॅकहाऊस शांत झालं, तेव्हा हा संच घेतला. ३४९ रुपये, साठ कॅरोसेल, प्रत्येकात दहा स्लाइड. एका स्लाइडवर एक वाक्य, खाली मराठी अर्थ आणि त्याच्याखाली पिवळ्या पट्टीत उच्चाराची टीप. हा प्रकार तुम्ही पाहिलेला असेलच, म्हणून रंग-फाँटची चर्चा करत नाही. नाशिकमधल्या एका क्लासने स्पोकन इंग्लिशचे साडेसहा हजार सांगितले होते, त्यामुळे ३४९ मला जड गेले नाहीत. मी निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघते. परदेशी पाहुणा आला की त्याच्याशी दोन शब्द मलाच बोलावे लागतात.

पहिले तीन-चार महिने मी हा संच भेटेल त्याला सुचवत होते, आणि त्याला कारण होतं झेडची टीप. शाळेत आम्हाला झेड म्हणजे ‘झ’ एवढंच सांगितलं होतं. इथे लिहिलं होतं : ‘जग’ हा शब्द दोनदा म्हणा, एकदा दुनिया या अर्थाने आणि एकदा पाण्याचा जग या अर्थाने. दोन्ही ‘ज’ वेगळे आहेत हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. दुनियेतल्या ‘ज’ला जीभ दातांच्या मागे टेकते. तीच जीभ न टेकवता, ‘स’ म्हणताना असते तशी किंचित मागे ठेवायची आणि गळ्यातून आवाज सोडायचा. गळ्यावर बोट ठेवलं की थरथर लागते. ‘साइझ’ शब्द मी दिवसातून शंभरदा वापरते, मण्याचा साइझ, घडाचा साइझ. तो त्या दिवसापासून सुधारला. ही टीप हिंदीतून उचललेली नव्हती, मराठी जिभेचा विचार करून लिहिली होती. म्हणूनच पुढचा घोळ मला जास्त लागला.

फेब्रुवारीत इंग्लंडहून खरेदीदाराचा माणूस आला. बागेत जाण्याआधी ऑफिसात चहा चालू होता. बागवाले काका शेजारीच बसले होते. त्याने बागेबद्दल विचारलं. संचातलंच वाक्य थोडं बदलून मी म्हटलं, “अवर व्हाइन्स आर टेन इयर्स ओल्ड.” आमच्या वेली दहा वर्षांच्या आहेत. तो खूश होऊन म्हणाला, “ओह, यू मेक वाइन टू?” काका मला विचारतात, “काय म्हणतोय गं तो?” मी पुन्हा म्हटलं, जरा जोर देऊन, व्हाइन्स. त्याने पुन्हा मान हलवली आणि किती बाटल्या काढता ते विचारलं. नाशिकला वाइन होतेच, त्यामुळे त्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं. शेवटी मी खिडकीतून मांडवाकडे बोट दाखवलं, तेव्हा उलगडा झाला.

त्या रात्री मी पूर्ण संच पुन्हा उघडला. एकेचाळिसावं कॅरोसेल, तिसरी स्लाइड. वाक्य आहे, ‘गाडी कधी येईल?’ आणि उच्चार दिलाय : व्हेन विल द व्हॅन अराइव्ह? टीप अशी : ‘व्हीचा उच्चार व्ह, जसा केव्हा मधला.’

आता हे वाक्य नीट बघा. ‘व्हेन’ आणि ‘विल’ या दोन्ही शब्दांच्या सुरुवातीला एकच आवाज आहे, डब्ल्यूचा. तरी एकाला ‘व्ह’ आणि दुसऱ्याला साधा ‘व’. उलट ‘व्हेन’ आणि ‘व्हॅन’ यांचे पहिले आवाज अगदी वेगळे, आणि दोघांनाही एकच ‘व्ह’. वाचणाऱ्याने कशावरून ओळखायचं? स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच दिसला की आपण सवयीने ‘व्ह’ लिहितो. पण व्हॉट, व्हाय, व्हेअर यांतला तो एच बहुतेक इंग्रज उच्चारतच नाहीत. स्कॉटलंडमध्ये काही लोक उच्चारतात, तोही आपल्या ‘व्ह’सारखा नाही, आधी हवा आणि मग डब्ल्यू असा.

दुसरी गोष्ट, व्ही म्हणजेही ‘केव्हा’मधला व्ह नव्हे. ‘केव्हा’ म्हणताना आपण ‘व’ला ‘ह’ची हवा जोडतो, जशी म्हैस किंवा न्हावी म्हणताना जोडतो. इंग्रजी व्हीमध्ये असा ‘ह’ कुठेच नाही. त्यात घर्षण आहे. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवायचे आणि त्या फटीतून आवाजासकट हवा ढकलायची. ओठाला गुदगुल्या झाल्या तर व्ही बरोबर. तो भुंग्यासारखा कितीही वेळ लांबवता येतो. डब्ल्यूत मात्र दातांचं काही कामच नाही. ओठ ‘ऊ’ म्हणताना होतात तसे गोल करायचे आणि तिथून पुढच्या स्वरावर यायचं. ऊ-एन, ऊ-इल, ऊ-आइन.

आपला मराठी ‘व’ या दोघांच्या मधला. ओठ दातांजवळ जातो पण दाबत नाही, आणि नीट गोलही होत नाही. आपल्याला एकाच ‘व’ने भागतं, म्हणून आपल्या कानांना फरक जाणवत नाही. पण इंग्रजाला घर्षण ऐकू आलं नाही की तो डब्ल्यू समजतो. माझ्या ‘व्हाइन्स’मध्ये ‘ह’ भरपूर होता, घर्षण नव्हतं. मी जोर दिला तसा ‘ह’च वाढला. दुसऱ्यांदा म्हणूनही त्याला कळलं नाही ते यामुळे.

मी संचवाल्यांना स्लाइडचा फोटो आणि हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर यायला अकरा दिवस लागले. ‘मॅडम, मराठीत असंच लिहितात.’ मला खूप राग आला. दोन दिवसांनी वाटलं, म्हणणं खोटं नाही. ‘व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठव’ असं आपणच लिहितो. पहिला डब्ल्यू, दुसरा व्ही, आणि दोन्हीकडे ‘व्ह’. वर्तमानपत्रात ते ठीकच आहे, तिथे कोणी उच्चार शिकायला जात नाही. पण तुम्ही पैसे घेऊन उच्चाराची पट्टी छापता, तर नेमकं तिथेच ही सवय सोडायला हवी. दोन आवाजांना दोन खुणा द्या. संपूर्ण संचात एवढं केलं असतं तरी माझी तक्रार राहिली नसती.

शेवटी मीच वहीत खुणा केल्या. डब्ल्यू असेल तिथे ‘ऊ’, व्ही असेल तिथे साधा ‘व’ आणि त्याच्याखाली रेघ. रेघ म्हणजे दात. ‘ह’ कुठेच नाही. गाडीचं वाक्य मग असं झालं : ऊएन ऊइल द वॅन अराइव, शेवटच्या दोन्ही ‘व’खाली रेघ. ‘अराइव’च्या शेवटी दात ओठावर टेकलेलेच राहू द्यायचे, लगेच सोडले की शेवटचा आवाज गळतो. फाइव आणि लीवचंही तसंच. पैशांच्या बोलण्यात फाइव अर्धवट राहिला तर पंचाईत होते.

तपासायला आधी मुलीला समोर बसवलं. ती म्हणाली, आई, दोन्ही सारखंच ऐकू येतंय. तिचा कानही मराठीच. म्हणून मी आरशावर आले, आणि आरसा खोटं बोलत नाही. व्ही म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठावर दिसली पाहिजे, डब्ल्यूला दात अजिबात दिसता कामा नयेत. रोज सकाळी दहा मिनिटं, पाच जोड्या : वाइन-व्हाइन, वेस्ट-व्हेस्ट, वेट-व्हेट, वेल-व्हेल, वाइल-व्हाइल. (इथे मलाही ‘व्ह’च लिहावा लागतोय, तुमच्या स्क्रीनवर रेघ कशी काढू?)

दुसऱ्या आठवड्यात एक नवीनच खोड लागली. दात इतके अंगवळणी पडले की ‘वन बॉक्स’ म्हणतानाही ते ओठावर जायला लागले. स्पेलिंगमध्ये डब्ल्यू नसला तरी ‘वन’ची सुरुवात डब्ल्यूनेच होते, ऊ-अन. ‘ऑफ’ त्याच्या उलट. ‘वन ऑफ द बॉक्सेस’ म्हणताना तिथे एफ लिहिलेला दिसतो, पण उच्चार व्हीचा, म्हणजे अव, रेघेसकट. संचात या दोन्ही शब्दांवर एकही टीप नाही. आणि ‘ऊ’ची युक्ती सगळीकडे चालत नाही हेही सांगते. वुड, वूमन यांत पुढचा स्वरही ‘उ’च असल्याने ‘ऊ’ त्यातच विरून जातो. तिथे सुरुवातीला ओठ आणखी आवळायचे, शिट्टी वाजवल्यासारखे, आणि मग सैल सोडायचे. ते मला अजून दर वेळी जमत नाही.

मी आधी एक तारा द्यायचं ठरवलं होतं. मार्चमध्ये तीन दिले. कारण वहीत खुणा करताना सहाशेच्या सहाशे वाक्यं पुन्हा वाचावी लागली आणि कळलं की वाक्यांची निवड फार विचाराने केली आहे. ‘जरा थांबा, विचारून सांगते’, ‘हे माझ्याकडून राहून गेलं’, ‘एकदा परत सांगाल का’ ही वाक्यं मला रोज लागतात. भूतकाळाच्या क्रियापदांची टीपही उत्तम आहे. ‘पॅक्ड’चा शेवट ‘ट’कडे जातो, पॅक्ट, कारण आधी ‘क’ आहे. ‘क्लीन्ड’मध्ये ‘ड’ राहतो. ‘लोडेड’मध्ये मात्र आधीच ‘ड’ असल्याने एक अक्षर वाढतं. एका स्लाइडमध्ये तिन्ही गोष्टी बसवल्या आहेत आणि गोंधळ होत नाही.

आवाज नाही ही उणीव आहेच, पण ३४९ रुपयांत चित्रं मिळणार हे घेतानाच माहीत होतं. शोधायची सोय नाही, याचा त्रास जास्त होतो. एखादी टीप हवी असली तर बोटाने सरकवत बसावं लागतं. मी वहीत कॅरोसेल आणि स्लाइडचे क्रमांक टाकून ठेवलेत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोच पाहुणा शेवटच्या मालासाठी आला. या वेळी आम्ही बागेतच होतो, खरड छाटणी सुरू होती. “हाऊ ओल्ड आर दीज व्हाइन्स?” त्याने शेजारच्या प्लॉटकडे बघून विचारलं. मी दात टेकवून म्हटलं, या वेली सहा वर्षांच्या आहेत. त्याने वहीत सहा लिहिलं आणि पुढच्या ओळीकडे गेला.

संचाचा दुसरा भाग ३९९ ला आलाय. त्याच्या नमुन्याच्या स्लाइडवर ‘व्हॉट इज युअर व्ह्यू?’ असं छापलंय. दोन्ही ‘व्ह’ तसेच आहेत. मी घेतलेला नाही.