लग्नात मैत्रिणीने दिलेलं ड्रिल मशीन: चार्जर बंद पडल्यानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात माझ्या ड्रिल मशीनचा चार्जर मेला आणि सर्व्हिस सेंटरने मला दोन चकरा मारायला लावल्या. त्या रागातच हे लिहायला बसले आहे. पण राग सेंटरवर आहे, मशीनवर नाही.

मशीन १२ व्होल्टचं, बॅटरीवर चालणारं, हॅमर मोड असलेलं. लग्नात माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीने दिलं. ती बांधकामाच्या साइटवर काम करते, त्यामुळे तिने नुसता खोका न देता सोबत एक पिशवी दिली होती: ६ मिलिमीटरचे भिंतीचे बिट, त्याच मापाच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या, स्क्रू, मोजपट्टी आणि छोटी लेव्हल. "अगं, नव्या शहरात पहिल्याच आठवड्यात पडदे लागतात, आणि तिथे तुझ्या ओळखीचा कुणी कारागीर नसतो," असं ती म्हणाली. तसंच झालं. छिद्र पाडायला येणारा माणूस चार छिद्रांसाठी यायला तयार नसतो, आणि आला तर पूर्ण फेरीचे पैसे घेतो.

पहिल्या महिन्यात मात्र माझं मत वाईट झालं होतं. खिडकीच्या वर पडद्याच्या रॉडचे ब्रॅकेट लावायचे होते. गिलावा सहज गेला, पांढरट भुकटी आली, आणि मग बिट जागेवरच फिरत राहिला. भुकटी थांबली, टोक तापलं, मशीनचा आवाज चिरका झाला. १२ व्होल्टचं मशीन म्हणजे खेळणं, असं मी नवऱ्याला म्हणाले आणि रात्री मैत्रिणीला फोन लावला. तिने एकच प्रश्न विचारला, "भुकटीचा रंग कोणता?" शेवटची भुकटी राखाडी होती. खिडकीच्या वर काँक्रीटचा आडवा पट्टा असतो, लिंटेल. भुकटी लाल असेल तर आत वीट, राखाडी असेल तर बहुतेक काँक्रीट. पडद्याचा रॉड नेमका या लिंटेलवरच येतो, म्हणून लोकांना पहिल्याच दिवशी आपलं मशीन कुचकामी वाटतं.

यामागचं कारण समजलं तेव्हा माझी चिडचिड गेली. या छोट्या मशीनमधला हॅमर म्हणजे दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला देतात ते बारीक धक्के. विटेला ते पुरतात. काँक्रीटमध्ये खडी असते, तिथे आतला दट्ट्या हवेच्या दाबाने बिटावर आपटणारं मोठं, वायरवर चालणारं मशीन लागतं. आम्ही ते एका दिवसासाठी भाड्याने आणलं आणि घरातली काँक्रीटमधली सगळी छिद्रं त्याच दिवशी उरकली. बाकीच्या विटांच्या भिंती माझ्या मशीनने बिनतक्रार घेतल्या. छिद्रातून चकचकीत धातूचा कीस आला तर आत सळई आहे, तिथे जोर न करता दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकायचं, हेही तिनेच सांगितलं. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत छिद्र पाडायचं नाही, कारण वायरचे पाइप बहुतेक त्याच रेषेत नेलेले असतात.

विटेच्या भिंतीत माझी पद्धत आता ठरून गेली आहे. गिट्टीच्या लांबीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त अंतरावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे खोली चुकत नाही. छिद्राच्या खाली कागदी पाकीट चिकटवायचं, भुकटी त्यात पडते. डोळ्यांवर गॉगल घालायचा. छिद्र पाडून झालं की आतली भुकटी काढायची, नाहीतर गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि स्क्रू अर्ध्यावर अडतो. गिट्टी हाताने दाबून थोडी जाऊन मग हातोडीच्या हलक्या टोल्यांनी बसली पाहिजे. बोटानेच सबंध आत गेली तर छिद्र मोठं झालंय, त्यावर वजन टांगू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे मशीन कुणालाही घ्यायला सांगेन ती. बिट धरणाऱ्या चकच्या मागे आकडे लिहिलेलं एक कडं असतं, क्लच. बहुतेक लोक ते ड्रिलच्या खुणेवर ठेवतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. पण भाड्याच्या घरात आपण छिद्रं पाडतो चार आणि स्क्रू पिळतो शंभर. सुटं येणारं कपाट, पलंग, बुटांचं रॅक, सगळं भुश्याच्या दाबलेल्या फळीचं. त्या फळीत स्क्रू एक वेढा जास्त फिरला की आतला भुसा सुटतो आणि स्क्रू जागेवरच फिरायला लागतो, मग तो कधीच पकड घेत नाही. क्लच लहान आकड्यावर ठेवला की ठरावीक जोर आल्यावर मशीन कटकट वाजतं आणि बिट थांबतो. मी सगळ्यात लहान आकड्यापासून सुरू करते आणि स्क्रूचं डोकं फळीशी सपाट बसेपर्यंत एकेक आकडा वाढवते. आमचं कपाट एकदा घर बदलताना पूर्ण सोडवून पुन्हा जोडलं, एकही स्क्रू ढिला झाला नाही. हे एवढंसं कडं नसतं तर ते कपाट आम्ही टाकून नवं घेतलं असतं.

आता चार्जर. बॅटरी लावली की लाल दिवा नुसता लुकलुकायचा. सेंटरवाला बघताक्षणी म्हणाला, बॅटरी गेली, तिची वॉरंटी सहाच महिने, नवी घ्या. मी त्याला मीटर लावायला लावला. या बॅटरीत तीन सेल असतात, पूर्ण भरल्यावर साधारण १२.६ व्होल्ट. मीटरवर १० च्या वर आकडा आला, म्हणजे बॅटरी उतरलेली होती, मेलेली नव्हती. मग त्यांच्याच चार्जरवर ती लावायचा मी आग्रह धरला, आणि ती भरायला लागली. दोष चार्जरचा निघाला, आणि माझ्या कार्डावर चार्जरला मशीनइतकीच, एक वर्षाची वॉरंटी होती.

तरीही बदलून मिळेना, कारण बिल! भेटवस्तूसोबत बिल कोण देतं? किंमत कळू नये म्हणून देणारा ते काढूनच घेतो. मैत्रिणीने बिलाचा फोटो जपून ठेवला होता, तो दाखवला तर म्हणे नाव तुमचं नाही. मी वॉरंटी कार्ड काउंटरवर उघडून ठेवलं आणि नाव जुळलं पाहिजे असं कुठे छापलंय ते दाखवा म्हटलं. छापलेलं नव्हतंच. त्यात मशीनचा नंबर आणि खरेदीची तारीख एवढंच मागितलं होतं. दुसऱ्या चकरेत नवा चार्जर मिळाला.

म्हणून नवरीला मशीन देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, किंमत झाकायची तर झाका, पण बिलाची प्रत खोक्यात ठेवा. कंपनी ऑनलाइन नोंदणी देत असेल तर ती नवरीच्या नावाने, तिच्या नव्या पत्त्यावर करून द्या. आणि मशीन निवडताना बॅटरीची वॉरंटी वेगळी वाचा, मशीनवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा तिला लागू नसतो.