चॅनलचं वर्णन आणि ट्रेलर : सात महिने वापरल्यानंतर

मी साताऱ्यात घरी दहावीच्या विज्ञानाची शिकवणी घेते आणि तेच धडे मराठीतून यूट्यूबवर टाकते. चॅनलचं वर्णन आणि ट्रेलर हे दोन्ही मी आधी पैसे देऊन लिहून घेतले होते. सात महिन्यांपूर्वी ते काढून टाकले आणि स्वतः लिहिले. हा अनुभव त्या स्वतः लिहिलेल्या मजकुराचा आहे.

आधीचं वर्णन कानाला गोड होतं. ‘ज्ञानाच्या या सुंदर प्रवासात आपलं मनःपूर्वक स्वागत’ अशी सुरुवात, आणि पुढे माझी ओळख ‘होम सायन्स ट्यूटर’. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं घरी विज्ञान शिकवणारी, पण आपल्याकडे होम सायन्स म्हणजे गृहविज्ञान. शिवणकाम आणि आहारशास्त्राच्या नोट्स मागणारे निरोप मला बरेच दिवस येत होते. चूक एका शब्दाची होती, पण तिच्यामुळे चॅनल कशाचं आहे हेच कळत नव्हतं.

दुसरा घोळ ‘मराठीतून शिकवते’ या वाक्याचा. मला ते अगदी स्पष्ट वाटायचं. पण एका विद्यार्थिनीच्या आईने विचारलं, “मॅडम, आमची सेमीला आहे. तिचं विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत. तिला तुमचे व्हिडिओ चालतील का?” हा प्रश्न मला शिकवणीच्या दारातही दरवर्षी विचारला जातो, आणि वर्णनात त्याचं उत्तरच नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की वर्णन वाचतात ते पालक आणि ट्रेलर बघतात ती मुलं. पालकांना हवं असतं बोर्ड, इयत्ता, माध्यम आणि वेळापत्रक. मुलाला एवढंच बघायचं असतं की या बाईंचं शिकवणं आपल्याला कळतंय का. आधी दोन्हीकडे एकच मजकूर होता, त्यामुळे तो दोघांच्याही कामाचा नव्हता.

आता वर्णनाची सुरुवात अशी आहे : ‘दहावी, महाराष्ट्र बोर्ड. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 व भाग 2. पाठ्यपुस्तकातला धडा मराठीतून, घरातल्या वस्तूंनी प्रयोग करून. सेमीच्या मुलांसाठी प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिते.’ त्याखाली व्हिडिओचे वार, मी किती वर्षं शिकवते, आणि कोणत्या धड्यांच्या प्लेलिस्ट पूर्ण झाल्या आहेत. वर्णनाला 1000 अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत काना-मात्राही त्या मोजणीत जातात, त्यामुळे जागा वाटते त्याहून लवकर संपते. शिवाय चॅनलच्या पानावर सुरुवातीचा तुकडाच दिसतो, बाकीचं उघडावं लागतं. म्हणून इयत्ता आणि बोर्ड सगळ्यात आधी आणि स्वागत कुठेच नाही.

शोधण्यासाठी मुलं रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून शेवटी एक साधं वाक्य ठेवलं : ‘हेच धडे std 10 science marathi medium असं शोधूनही सापडतील.’ नुसत्या शब्दांचा ढीग लावला नाही. यूट्यूबच्या नियमांत तो बसत नाही आणि पालकांना वाचवतही नाही. या वाक्याने शोधात फार फरक पडला असं मला दिसलेलं नाही. तिथे प्रत्येक व्हिडिओचं शीर्षकच कामाला येतं.

ट्रेलरवर मात्र मेहनत जास्त गेली. जुना जवळपास दोन मिनिटांचा होता : फिरणारा लोगो, संगीत, नमस्कार, माझी पदवी. कोणत्या सेकंदापर्यंत किती जण बघत राहतात ते यूट्यूब स्टुडिओतल्या आलेखात पाहिलं, तर लोगो संपायच्या आतच रेघ खाली कोसळत होती. ज्यांनी मला शिकवताना पाहिलंच नव्हतं, ते माझी पदवी ऐकायला थांबणार नव्हते.

नव्या स्क्रिप्टसाठी आधी स्वतःला घड्याळ लावलं. शिकवण्याच्या वेगात मी सेकंदाला साधारण दोन शब्द बोलते. पन्नास सेकंदांचा ट्रेलर, त्यात दहा सेकंद न बोलता, म्हणजे हाताशी ऐंशीच शब्द. त्यातले साठेक असे वापरले :

‘या बाऊलमध्ये एक रुपयाचं नाणं आहे. तुम्हाला ते दिसत नाही. मी नाणं हलवणार नाही, कॅमेराही हलवणार नाही. फक्त पाणी ओतते.’ इथे आवाज बंद, फक्त पाण्याची धार. नाणं हळूहळू काठावर दिसायला लागतं. ‘दिसलं? नाणं जागेवरच आहे. त्याच्याकडून येणारा प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकला आणि तुमच्यापर्यंत पोचला. हे अपवर्तन. दहावीचं विज्ञान मी असंच शिकवते : आधी प्रयोग, मग व्याख्या, मग बोर्डाचा प्रश्न. तुमचा अडलेला धडा खालच्या प्लेलिस्टमध्ये आहे. आधी तो बघा, कळला तरच सबस्क्राइब करा.’

हे चित्रित करताना पहिले तीन प्रयत्न वाया गेले. स्टीलच्या वाटीत नाण्याचं प्रतिबिंब आतल्या भिंतीवर पडत होतं, त्यामुळे पाणी ओतायच्या आधीच काहीतरी चमकायचं. मग चिनी मातीचा बाऊल घेतला. पाण्याच्या धारेने नाणं सरकायचं, आणि ते सरकलं तर ‘नाणं हलवणार नाही’ हे वाक्यच खोटं ठरतं. त्याखाली दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पाणी पळीने कडेवरून सोडलं. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवला, नाणं काठाआड जेमतेम जाईल इतकाच मागे सरकवला, आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस कायम केला. नाहीतर पाणी भरताना कॅमेरा स्वतःच फोकस बदलतो आणि नेमकं नाणं दिसायच्या क्षणी चित्र धूसर होतं.

स्क्रिप्टमध्ये आधी ‘भाग 1 मधला सहावा धडा’ असे शब्दही होते. ते मी काढले. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर दुसरा व्हिडिओ चढवता येत नाही, फार तर आहे त्यातला भाग कापता येतो. पुस्तक बदललं की धड्याचा क्रमांक बदलतो, परीक्षेचं वर्ष तर दरवर्षीच बदलतं. म्हणून जे बदलतं ते सगळं वर्णनात ठेवलं, कारण ते दोन मिनिटांत दुरुस्त होतं. ट्रेलरमध्ये फक्त न बदलणारं ठेवलं, आणि नाणं पाण्यात पुढच्या वर्षीही असंच दिसेल.

आता आलेखाची रेघ पाणी ओतण्याच्या जागेपर्यंत जवळजवळ सपाट जाते आणि ‘असंच शिकवते’ या वाक्यापासून उतरते. हे मला मान्य आहे, कारण तोवर मुलाला माझं शिकवणं दिसलेलं असतं. सेमीबद्दल विचारणारे निरोप बरेच कमी झाले. गृहविज्ञानाचे थांबले. ट्रेलरमुळे सबस्क्राइबर धडाधड वाढले असं मात्र झालेलं नाही. ट्रेलर चॅनलच्या मुख्य पानावर दिसतो, तोही सबस्क्राइब न केलेल्यांना. बहुतेक मुलं शोधातून थेट धड्यावर येतात आणि त्या पानावर फिरकतही नाहीत. पानापर्यंत येतात ते जास्त करून लिंक मिळालेले पालक, आणि ते मुलाला शेजारी बसवून बघतात. माझ्या शिकवणीच्या चौकशीसाठी आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी “ते नाण्याचं बघितलं” एवढंच सांगितलं.

एक उणीव राहिली आहे. ट्रेलरमध्ये फक्त भौतिकशास्त्र दिसतं, त्यामुळे मुख्यतः जीवशास्त्राचा असलेला भाग 2 मी शिकवतच नाही असा समज होतो. वर्णनात लिहिलं आहे, पण मुलं ते वाचत नाहीत. मे महिन्यात दुसरा ट्रेलर करायचा आहे : कोमट साखरपाण्यात यीस्ट घालून बाटलीच्या तोंडाला फुगा लावायचा. फुगा फुगायला अर्धा तास सहज लागतो आणि स्क्रिप्टमध्ये त्याला चारच सेकंद आहेत, म्हणून मोबाइल हलू नये यासाठी या वेळी पुस्तकांऐवजी स्टँड आणला आहे.