उकिडवं बसणं झेपत नसेल तर: पाट, बाकडं की ओटा?

नारळ खवायला किंवा मासे कापायला उकिडवं बसलं की गुडघ्याच्या वाटीमागे खोल कळ येते, उठताना ती सर्वांत जास्त असते, पण सपाट रस्त्यावर चालताना फारसं जाणवत नाही. गुडघ्याच्या झिजेची सुरुवात पुष्कळदा अशीच लक्षात येते. कारण सरळ आहे. गुडघा जितका वाकलेला असतो आणि त्यावर जितकं वजन येतं, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. खुर्चीवर बसताना गुडघा साधारण ९० अंश वाकतो, उकिडवं बसताना १३० च्या पुढे जातो. त्या खोल कोनातून पूर्ण शरीर वर उचलायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतं आणि त्याची ओढ वाटीवर पडते. म्हणून पर्याय निवडताना बसल्यावर किती बरं वाटतं यापेक्षा उठताना काय होतं ते आधी बघावं.

बुटका पाट

बहुतेकजणी पहिल्यांदा पाट घेतात. टाचांवरचा भार जातो, पोटऱ्या सैल होतात, त्यामुळे बसून काम करताना खरंच बरं वाटतं. पण १०-१२ सेंटीमीटरच्या पाटावर गुडघा जवळजवळ तितकाच वाकलेला राहतो आणि उठणं तेवढंच खोलातून होतं. वीस मिनिटं तसं बसून गुडघा आखडतो आणि मग एकदम उठल्यावर कळ येते. २५ सेंटीमीटरचा उंच पाट यापेक्षा पुष्कळ बरा, पण विळी जमिनीवरच राहिली तर आता कमरेतून वाकावं लागतं आणि आठवड्याभरात पाठ धरते. बैठक उंच केली की कामही तितकंच उंच करावं लागतं. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं.

पाट कुठे चालेल? दहा मिनिटांत संपणाऱ्या हलक्या कामाला, आणि हाताशी खिडकीचा गज किंवा भिंतीतला भक्कम आधार असेल तिथे.

बाकडं: विळीसकट वर

नारळ आणि मासे रोजचे असतील तर आमचं मत बाकड्याच्या बाजूने आहे. विळीची, म्हणजे सिंधुदुर्गातल्या आडाळ्याची, फळी आपण बसल्यावर आपल्याच वजनाने घट्ट राहते. ती टेबलावर नुसती ठेवली तर नारळ दाबताच पुढे कलंडते. म्हणून अख्खी विळी बाकड्यावर ठेवायची, नेहमीसारखं तिच्या फळीवर बसायचं आणि पाय बाकड्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकवायचे. हात, पातं आणि नारळ यांचं एकमेकांतलं अंतर बदलत नाही, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही.

मापं अशी काढावीत. अनवाणी उभं राहून गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजायचं. समजा पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप ३९ सेंटीमीटर आलं आणि विळीची फळी ३ सेंटीमीटर जाड आहे. मग बाकडं ३६ सेंटीमीटर उंच हवं. तयार बाकडं ४५ चं मिळालं तर पाय लोंबकळतात आणि मांडीखाली रग लागते. त्याचे पाय कापून घ्यावेत. रुंदी २५ सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी, त्याहून रुंद बाकड्यावर दोन्हीकडे पाय टाकताना खुबे ताणतात. लांबी मात्र ९० तरी हवी, कारण फळीच्या पुढे भांडं मावलं पाहिजे. नेहमीची परात इतक्या अरुंद बाकड्यावर नीट बसत नाही, तिच्याऐवजी खोलगट पातेलं घ्यावं.

दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे विळी बाकड्याच्या टोकाला ठेवली जाते आणि जोर देताच मागचे पाय उचलले जातात. फळीचं पुढचं टोक कडेपासून वीतभर आत हवं आणि त्याच्यापुढे लाकडाची एक आडवी पट्टी खिळ्याने ठोकलेली असावी, म्हणजे फळी सरकत नाही. दुसरी म्हणजे काम संपल्यावर पातं तसंच उघडं राहतं. जमिनीवर ते पावलापाशी असायचं, आता लहान मुलाच्या तोंडापाशी येतं. विळी मिटवून खाली ठेवावी.

ज्यांना पाचवारी साडीत दोन्हीकडे पाय टाकून बसणं अवघड वाटतं, त्यांनी खवण्याचं काम ओट्यावर न्यावं आणि बाकडं मासे साफ करणं, भाजी निवडणं यासाठी ठेवावं. बाकडं करून घेण्याआधी एकदा पडवीची कड मोजून बघा. अंगणापेक्षा ती ३५-४० सेंटीमीटर उंच असेल तर पाय अंगणात सोडून तिथेच बसता येतं, पैसा लागत नाही.

उठताना कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, छाती पुढे झुकवायची आणि हातांनी बाकड्यावर जोर देऊन उठायचं. पाठ ताठ ठेवून उठलं तर सगळा भार पुन्हा वाटीवर येतो.

उभ्याने, ओट्यावर

उभ्याने गुडघा जवळजवळ सरळ राहतो, त्यामुळे वाटीमागच्या कळेला हा सर्वांत सोयीचा पर्याय. मात्र विळी इथे चालत नाही. सुरी-पाट घ्यावा लागतो आणि नारळासाठी हाताने फिरवायची खवणी. रबरी तळाची खवणी गुळगुळीत फरशीवर, तळ ओला करून लावली तरच चिकटते. खडबडीत दगडावर किंवा लाकडावर ती सुटते. कडेला स्क्रूने आवळायची खवणी जास्त भरवशाची, पण ओट्याची कड बाहेर आलेली हवी.

ओटा कोपरापेक्षा १०-१५ सेंटीमीटर खाली असावा. बुटक्या बाईला तो उंच पडला की खांदे उचलले जातात आणि मानेत दुखायला लागतं. खाली लाकडी फळी टाकता येते, पण पावसाळ्यात ओल्या लादीवर ती घसरते, तेव्हा तळाला रबर हवंच. वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे सलग उभं राहिलं तर गुडघे जड होतात, म्हणून खवणं ओट्यावर आणि सोलणं, निवडणं बसून, अशी वाटणी करावी. कपड्यांचा दगडही चिऱ्यांवर चढवून याच हिशेबाने उंच करता येतो.

जुळलं की नाही हे कसं ओळखायचं

दोन आठवडे एकच पर्याय वापरून बघावा. काम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळी गुडघा नेहमीसारखा असला तर चालेल. सकाळी सूज किंवा वाढलेलं दुखणं दिसलं तर बैठक ३-४ सेंटीमीटर आणखी उंच करावी किंवा वेळ अर्धा करावा.

नुसतं उंच बसून मांडीचा स्नायू बळकट होत नाही, आणि तोच वाटीचा आधार आहे. त्याच बाकड्यावरून हात न टेकता हळू उठणं-बसणं आठ ते दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस करावं. कळ आली तर खाली एक उशी घालून उंची वाढवावी. गुडघा वाकवणं पूर्ण बंद करू नये, नाहीतर तो आखडतो. पलंगावर पडून टाच कुल्ह्याकडे सरकवत नेली की वजनाशिवाय वाकतो.

गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, चालताना दगा देत असेल, लाल-गरम होऊन ताप येत असेल किंवा एका पोटरीला अचानक सूज आली असेल, तर उंचीचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं.