बिल चुकलंय: डिलीट, रिव्हर्सल की क्रेडिट नोट?

टॅलीवरून सॅप किंवा ईआरपीनेक्स्टवर आलेल्या अकाउंट्सवाल्यांचा पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा राग एकच असतो, की पोस्ट केलेलं बिल डिलीट का होत नाही. टॅलीत Alt+D मारलं की विषय संपायचा, इथे मात्र सिस्टीम म्हणते आधी उलटी एंट्री कर, नाहीतर क्रेडिट नोट काढ. मग दोन्हीतलं नेमकं काय करायचं यावर सेल्स, अकाउंट्स आणि सीए यांच्यात दोन दिवस मेलामेली चालते. म्हणून एकच केस घेऊन तिन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवतो. उदाहरण सॅपचं घेतलंय कारण पुण्याच्या पट्ट्यात तेच जास्त दिसतं, पण हिशेब सगळीकडे सारखाच.

समजा भोसरीतल्या एका युनिटने २०० ब्रॅकेट पाठवले. ठरलेला रेट ४५० रुपये, ऑर्डर भरणाऱ्याने टाकला ५४०. बिल झालं १,०८,००० अधिक १८ टक्के जीएसटी १९,४४०, म्हणजे १,२७,४४०. व्हायला हवं होतं ९०,००० अधिक १६,२००, म्हणजे १,०६,२००. फरक २१,२४०, त्यात १८,००० विक्रीचे आणि ३,२४० टॅक्सचे. माल बरोबर गेलाय, नग बरोबर आहेत, फक्त रेट चुकलाय. हा शेवटचा मुद्दा डोक्यात पक्का ठेवा, पुढे निम्मा गोंधळ तिथेच होतो.

डिलीट

आधी हा पर्याय का मिळत नाही ते बघू. स्क्रीनवर दिसतं ते एक बिल, पण मागे ग्राहकाच्या खात्याला १,२७,४४० ची नोंद, विक्रीच्या खात्यात १,०८,०००, सीजीएसटी आणि एसजीएसटीचे ९,७२० आणि ९,७२०, शिवाय डिलिव्हरीवर 'बिल झालं' अशी खूण. डिलिव्हरी गेली तेव्हाच स्टॉक कमी होऊन मालाची किंमत खर्चात गेलेली असते. यातलं एक ओढून काढलं तर बाकीचे लोंबकळत राहतात. आणि हे सगळं सिस्टीमच्या आतलं झालं, बाहेर ग्राहकाकडे त्या नंबरचं बिल आहे, त्याने कदाचित त्यावर इनपुट क्रेडिटसुद्धा घेतलंय, ई-इनव्हॉइस असेल तर सरकारी पोर्टलवर त्याचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी क्रमांक, तयार आहे. तुमच्याकडून डिलीट झालं म्हणून यातलं काहीच पुसलं जात नाही.

नंबरचा प्रश्न तर वेगळाच. जीएसटी नियम ४६ प्रमाणे बिलांचे नंबर ओळीने हवेत आणि जीएसटीआर-१ च्या टेबल १३ मध्ये कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं काढली आणि त्यातली किती रद्द केली हे सांगावं लागतं. टॅलीत ऑटोमॅटिक नंबरिंग असताना, सेटिंग तसं असेल तर, ११८ नंबर डिलीट केला की ११९ चा ११८ होतो आणि पुढची सगळी रांग सरकते, म्हणजे ग्राहकाच्या हातात ११९ आणि तुमच्या पुस्तकात ११८. हे भांडण मी बाहेरून बघितलंय, सहा महिन्यांनी बॅलन्स कन्फर्मेशन मागवल्यावर निघतं. (त्याच टॅलीत Alt+X ने कॅन्सल केलं तर नंबर तसाच राहून रक्कम जाते, ते फार लोक वापरत नाहीत हे दुर्दैव.)

कायद्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा तारखेसकट माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये असा नियम आहे. इथे एक गैरसमज ऐकू येतो की कायद्यानेच डिलीट करायला बंदी घातलीय. तसं नाही, कायदा माग ठेवा म्हणतो, आणि तो कंपन्यांना आहे, प्रोप्रायटरी फर्मला नाही. ईआरपीने मात्र आपल्यापुरता त्याहून कडक मार्ग घेतलाय, पोस्ट झालेलं पुसायचंच नाही, आणि तो या नियमाच्या कितीतरी आधीपासून आहे. कारण सरळ आहे, एप्रिलमध्ये बँकेला दिलेली ट्रायल बॅलन्स जूनमध्ये परत काढली तर तीच निघाली पाहिजे.

रिव्हर्सल

म्हणजे सेम टू सेम उलटी एंट्री, पूर्ण रकमेची. सॅपमध्ये विक्रीच्या बिलासाठी VF11. हे केलं की बिल आणि त्याचं रद्दपत्र दोन्ही पुस्तकात राहतात, ग्राहकाच्या खात्यावर निव्वळ शून्य येतं आणि डिलिव्हरी परत 'बिल व्हायचंय' अशी मोकळी होते. मग आधी सेल्स ऑर्डरमधला रेट ४५० करायचा आणि त्यानंतर VF01 ने नवं बिल. हा क्रम उलटा झाला तर नवं बिलसुद्धा बहुतेक ५४० नेच निघतं, कारण ते रेट ऑर्डरमधून उचलतं. स्टॉकला हात लावायचा नाही, माल खरंच गेलाय, स्टॉकची नोंद उलटवणारं VL09 फक्त माल गेलाच नसेल तेव्हा.

बरेच जण इथे FB08 मारायला जातात आणि सिस्टीम नकार देते, हे डॉक्युमेंट जिथे जन्मलं तिथूनच रद्द करा म्हणते. ते बरोबरच आहे, FB08 ने फक्त हिशेबाची बाजू उलटली असती आणि सेल्सच्या बाजूला बिल जिवंत दिसत राहिलं असतं, डिलिव्हरी कधीच परत बिलाला आली नसती. थेट फायनान्समध्ये टाकलेल्या एंट्रीला FB08, खरेदीच्या बिलाला MR8M, असा साधा हिशेब.

पण रिव्हर्सलला वेळेची मर्यादा आहे. ई-इनव्हॉइस लागू असेल (५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून) तर आयआरएन फक्त २४ तासांत रद्द होतो, त्यावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि रद्द झालेला नंबर परत वापरता येत नाही. २४ तासांनंतरही VF11 चालतं, सॅप काही अडवत नाही, आणि हाच खरा सापळा. तुमच्या पुस्तकात बिल रद्द, पोर्टलवर मात्र आयआरएन जिवंत, आणि तिथूनच जीएसटीआर-१ मध्ये आकडे आपोआप येतात. महिन्याअखेर पुस्तकातली विक्री आणि पोर्टलवरची विक्री यांच्यात बरोबर १,०८,००० चा फरक आला की समजायचं कोणीतरी उशिरा VF11 मारलंय.

दुसरी मर्यादा महिना बंद होण्याची. बिल २८ मार्च २०२५ चं आणि चूक ९ मे ला कळली, तर मार्च बंद झालेला असतो. रिव्हर्सल मे च्या तारखेने होईल (FB08 मध्ये त्यासाठी कारण ०२ असतं, चालू महिन्यासाठी ०१), पण मग मार्चची विक्री तशीच फुगलेली राहते आणि मे ची कमी दिसते.

आणि एक बारीक गोष्ट, जी एमआयएसवाल्यांना छळते. साध्या रिव्हर्सलमध्ये ग्राहकाच्या खात्यात डेबिटला १,२७,४४० आणि क्रेडिटलाही १,२७,४४० पडतात. बॅलन्स शून्य, पण दोन्ही बाजूंची बेरीज फुगते. सॅपमध्ये निगेटिव्ह पोस्टिंग चालू करून घेतलं तर उलटी एंट्री डेबिटच्याच बाजूला वजा म्हणून पडते आणि बेरीज खरी राहते. कन्सल्टंटकडून हे सुरुवातीलाच सेट करून घ्या.

क्रेडिट नोट

इथे जुनं बिल तसंच उभं राहतं आणि वेगळ्या कागदाने फक्त फरक कमी होतो, १८,००० आणि ३,२४०. ग्राहकाला बिल पोचलंय, २४ तास उलटलेत, रिटर्न भरून झालंय, किंवा बिलाला पेमेंट लागलंय, यातलं एक जरी खरं असलं तरी माझ्या मते दुसरा विचार करू नये. आपल्या केसमध्ये ग्राहकाने त्याच्या पीओप्रमाणे १,०६,२०० च पाठवले असतील तर खात्यावर उरलेले २१,२४० याच नोटने बरोबर मिटतात.

सॅपमध्ये VA01 मधून CR प्रकारची रिक्वेस्ट, मूळ बिलाच्या संदर्भाने, आणि मग तिच्यावर G2 क्रेडिट मेमो. संदर्भ दिला की नग २०० आणि रेट ५४० असा पूर्ण कॉपी होतो, तिथे रेट ९० करायला विसरलात तर ग्राहकाला पूर्ण १,२७,४४० परत गेले. सेव्ह करायच्या आधी एकूण रक्कम १८,००० अधिक टॅक्स दिसतेय का बघा. रिक्वेस्टवर सहसा बिलिंग ब्लॉक असतो, दुसऱ्या माणसाने तो काढेपर्यंत नोट निघत नाही. वैताग येतो, पण क्रेडिट नोट म्हणजे पैसे सोडणं आहे, एकाच्या हातात ठेवू नये.

दुसरी चूक जास्त महाग. रेटची चूक असताना कोणीतरी 'रिटर्न' प्रकार निवडतो. मग कागदावर २०० ब्रॅकेट गोडाऊनला परत येतात आणि खर्चात गेलेली किंमतही उलटी फिरते. ईआरपीनेक्स्टमध्येही तोच धोका, मूळ बिलाने स्टॉक हलवला असेल तर रिटर्नमध्येही 'अपडेट स्टॉक'ची टिक येते, रेटच्या फरकासाठी ती काढलेली हवी. कळतं कसं, तर मोजणीत सिस्टीमपेक्षा माल बरोबर २०० ने कमी भरतो आणि स्टोअरवाला बिचारा चोर ठरतो.

क्रेडिट नोटचीही मुदत आहे. टॅक्स कमी करायचा असेल तर आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, जे आधी येईल ते. मार्च २०२५ च्या आपल्या बिलाला म्हणजे उशिरात उशिरा ३० नोव्हेंबर २०२५. त्यानंतर नोट काढता येते पण जीएसटीशिवाय, ३,२४० तुमच्या खिशातून गेले. आणि ग्राहकाने इनपुट घेतलं असेल तर त्याने तेवढं कमी करायला हवं, म्हणून त्याच्या अकाउंट्सला आधी फोन केलेला बरा.

मार्चच्या फुगलेल्या विक्रीचं काय? बॅलन्सशीट सही व्हायची असेल तर ऑडिटर मार्चमध्ये १८,००० ची तरतूद घ्यायला सांगेल. सॅपमध्ये त्यासाठी वर्षअखेरचे १३ ते १६ असे जादा पिरियड आहेत, आणि मे मध्ये क्रेडिट नोट निघाली की ती तरतूद उलटवायची. ही उलटवायची राहिली तर फरक दोनदा वजा होतो, आणि हे फार राहतं.

मग माझा कल

त्याच दिवशी कळलं, ग्राहकाला बिल गेलेलं नाही, आयआरएन २४ तासांच्या आत आहे: रिव्हर्सल, पोर्टलवर आधी रद्द करून मग VF11. बाकी जवळजवळ सगळीकडे क्रेडिट नोट. ग्राहकाचा जीएसटी नंबरच चुकलाय आणि उशीर झालाय तर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट आणि योग्य पार्टीला नवं बिल, तिथे फरकाची नोट उपयोगाची नाही. रेट कमी लागला असेल, म्हणजे ४५० च्या जागी ४०५, तर उलटं, डेबिट नोट.

आणि डिलीट हवंच असेल तर ते पोस्टच्या आधी आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये ड्राफ्ट, सॅपमध्ये पार्क केलेली एंट्री, ही पुसता येतात कारण अजून खात्यांना लागलेली नसतात. रोजची बिलं दुपारपर्यंत ड्राफ्टमध्ये ठेवून एकाने पीओचा रेट टॅली केला तर ५४० तिथेच सापडतो.