गार पाणी, उकळतं पाणी की मोदकपात्र? अंडं उकडण्याच्या तीन रीती

अंडं उकडायचं म्हटलं की बहुतेक घरांत एकच रीत असते. पातेल्यात गार पाणी, त्यात अंडी, खाली गॅस, उकळी आली की दहा मिनिटं. दुसरी रीत म्हणजे पाणी आधी उकळून त्यात अंडी सोडणं आणि तिसरी मोदकपात्रात वाफवणं. बलक तिन्ही रीतींनी शिजतो. फरक पडतो तो टरफल काढताना, आणि मऊ बलक हवा असेल तर वेळेच्या हिशोबात.

टरफलाच्या आत एक पातळ पापुद्रा असतो. गार पाण्यातून सुरुवात केली की अंडं सावकाश तापतं, पांढरा भाग हळूहळू घट्ट होतो आणि घट्ट होता होताच त्या पापुद्र्याला धरून बसतो. मग टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. तेच अंडं एकदम उकळत्या पाण्यात किंवा वाफेत गेलं, तर बाहेरचा थर झटकन घट्ट होतो, स्वतःशीच आवळला जातो आणि पापुद्र्याला फारसा चिकटत नाही. सोलणं सोपं हवं असेल तर निम्मा निकाल इथेच लागतो. पाण्यात मीठ घातलं, सोडा घातला, याने एवढा फरक पडत नाही. सोड्याने वर वासही येतो.

उरलेला निकाल अंड्याच्या वयाचा. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो दिवसागणिक टरफलाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो, पांढरा भाग जास्त अल्कधर्मी होतो आणि त्याची पापुद्र्यावरची पकड सुटते. म्हणून मळ्यातून काल आलेली गावरान अंडी सोलताना छळतात आणि दुकानातल्या ट्रेमधली, आठवडाभर जुनी अंडी सुरेख सुटतात. वय ओळखायला अंडं पाण्यात टाकून बघा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, बूड वर उचलून तिरकं राहिलं तर सोलायला उत्तम, तरंगलं तर टाकून द्या. ताजी गावरान अंडी अंडा करीसाठी हवी असतील तर फ्रिजमध्ये आठवडाभर थांबवा. तेवढी सवड नसेल तर निदान गार पाण्याच्या रीतीला तरी लावू नका.

आता वेळ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, म्हणून इथलं पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ऐकायला मोठं वाटतं, पण अंड्याच्या हिशोबात हा फरक जेमतेम पंधरा-वीस सेकंदांचा. खरा फरक पडतो तो अंडं कुठून उचललं त्याने. फ्रिजमधलं अंडं चार-पाच अंशांचं असतं, मे महिन्यात ओट्यावर राहिलेलं पस्तिशीला टेकलेलं. एकाच पातेल्यात या दोघांच्या वेळेत दीड-दोन मिनिटांचं अंतर पडतं. दुसरीकडे वाचलेली वेळ घरी जुळत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. म्हणून अंडी नेहमी फ्रिजमधूनच काढायची असं ठरवून टाका. ऋतू कोणताही असो, आकडा एकच राहतो.

ट्रेमधलं मध्यम, ५० ते ५५ ग्रॅमचं अंडं थेट फ्रिजमधून उकळत्या पाण्यात सोडलं, तर साडेसहा मिनिटांत पांढरा भाग धरतो आणि बलक वाहता राहतो. आठ मिनिटांत बलक मधासारखा दाट होतो, कापला तर ओघळत नाही. बारा मिनिटांत पूर्ण घट्ट. गावरान अंडं ४० ग्रॅमच्या आसपास असेल तर मऊ बलकाला एक मिनिट आणि घट्ट बलकाला दीड मिनिट कमी धरा. पंधरा मिनिटांच्या पुढे गेलात तर बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह यांचं ते संयुग. खायला अपाय नाही, पण वास येतो आणि पांढरा भाग रबरासारखा होतो. कुकरमध्ये टरफल छान सुटतं, पण आत काय चाललंय ते कळत नाही आणि हीच कडा हमखास येते. मऊ बलकासाठी कुकर बाद.

उकळत्या पाण्याला एक अट आहे: पाणी भरपूर हवं. चार अंड्यांना दीड लिटर तरी. अर्ध्या लिटरात सहा गार अंडी सोडली की उकळी बसते आणि तुमची साडेसहा मिनिटं खोटी ठरतात. अंडी झाऱ्यावरून हळूच सोडा, मग आच थोडी कमी करा. खळाळत्या पाण्यात ती एकमेकांवर आपटून तडकतात.

मोदकपात्रात ही भानगड नाही. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर पाणी, ते खळखळून वाफ निघू लागली की चाळणीवर अंडी एका थरात ठेवायची आणि झाकण लावायचं. एवढंसं पाणी लगेच पुन्हा उकळतं, म्हणून अंडी दोन असोत की दहा, वेळ तीच राहते. अंडी हलत नाहीत, तडकतही कमी. गॅसही वाचतो. चार-पाचपेक्षा जास्त अंडी असतील तर माझा कौल मोदकपात्रालाच. एक-दोन अंड्यांसाठी मात्र ते काढायचं कशाला, साधं पातेलं बरं.

समजा रविवारी करीला पाच घट्ट अंडी हवीत आणि दोघांना पावाबरोबर वाहत्या बलकाची. वाफ आली की पाच आत ठेवा, घड्याळ लावा. साडेपाच मिनिटांनी झाकण उघडून दोन मऊवाली ठेवा आणि पटकन झाकण लावा. बारा मिनिटं झाली की सातही एकदम बाहेर. मऊवाल्यांवर पेन्सिलने खूण करून ठेवा, नाहीतर करीत बलक सांडेल.

बाहेर काढलेली अंडी आतल्या उष्णतेने शिजतच राहतात, म्हणून लगेच गार पाणी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचं नळाचं पाणी पुरतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच कोमट असतं, तिथे बर्फ लागतोच. घट्ट अंडी दहा मिनिटं बुडवून ठेवा. मऊ अंडी गरम खायची तर एक-दोन मिनिटं पुरे.

सोलताना बोथट टोकापासून सुरू करा. तिथे हवेची पोकळी असते, पापुद्रा पांढऱ्यापासून सुटलेला असतो. घट्ट अंडं ओट्यावर हलक्या हाताने लोळवून सगळीकडे तडे पाडा. मऊ अंडं लोळवू नका, दाबाने फुटतं; चमच्याच्या पाठीने टिचक्या मारा. मग भांड्यातल्या पाण्यात बुडवूनच अंगठा पापुद्र्याच्या खाली घाला, वर नाही. टरफल तुकड्या-तुकड्याने निघतंय आणि पापुद्रा अंड्यावरच राहतोय असं दिसलं, तर थांबा आणि दुसरीकडून त्याच्या खाली शिरा. ओढत राहिलात तर पांढरा भाग फाटणारच.

गार पाण्याची रीत मग कुणासाठी? अंडी कुस्करून भुर्जी किंवा सँडविचमध्ये घालायची असतील, सोलताना फाटली तरी चालणार असतील, तर ती वाईट नाही. मऊ बलकासाठी मात्र ती घेऊ नका, कारण उकळी यायला लागणारा वेळ पातेलं, पाणी आणि शेगडीगणिक बदलतो. आणि वाहता बलक गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी माणसाच्या ताटात नको, त्यात साल्मोनेला जिवंत राहू शकतो. त्यांना बारा मिनिटांचंच द्या.